सीट घ्यावी, आरएमओ राहावं की कंत्राटावर जावं?

मॅडम, इंटर्नशिप संपली. खासगी कॉलेजातून एमबीबीएस झालंय त्यामुळे बाँड नाही, पण एज्युकेशन लोन आहे. आता हातात तीन गोष्टी आहेत. पुण्यात एका मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयू आरएमओ, ६५ हजार, बारा तासांच्या शिफ्ट, महिन्याला २६ ड्युट्या. जिल्हा परिषदेतून एनएचएमच्या कंत्राटी एमओची ऑर्डर, ६० हजार, ग्रामीण पीएचसी. आणि काउन्सेलिंगमध्ये एका सरकारी कॉलेजची ओबीजीवायची सीट लागलीय, स्टायपेंड साधारण ९० हजार. मला मेडिसिन हवं होतं. इंटर्नशिपला लेबर रूम आवडली होती पण तिथल्या जेआर-वनचे हाल बघून भीती वाटते. एक वर्ष जॉब करून परत नीट पीजी द्यावी का? पगार, शिकणं, ड्युटी अवर्स तिन्ही बघून सांगा.
– एक नवीन डॉक्टर, लातूर

अगं, आधी एक काम कर. कागद घे आणि तिन्हीकडचा तासाचा पगार काढ. महिन्याच्या आकड्यांवरून आपण सगळेच फसतो, मीही फसले होते.

खासगीचं बघ. २६ ड्युट्या, प्रत्येकी १२ तास म्हणजे ३१२ तास. पण आयसीयूत शिफ्ट संपली म्हणून कोणी निघत नाही, पुढचा आरएमओ येणार, बेड टू बेड हँडओव्हर होणार, राहिलेल्या नोट्स आणि डिस्चार्ज समरी पूर्ण करायच्या, रोजचा तासभर धरच. झाले ३३८ तास. ६५ हजाराला भागलं की तासाला १९२ रुपये. त्यात बहुतेक हॉस्पिटलं आरएमओला पगारावर घेत नाहीत, प्रोफेशनल फी म्हणून पैसे देतात, मग १० टक्के टीडीएस कापून हातात साडेअठ्ठावन्न हजार येतात. ते कापलेले रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतात, पण पीएफ नाही, पगारी रजा नाही, ताप येऊन दोन दिवस घरी बसलीस तर दोन ड्युट्यांचे पैसे गेले. ऑफर लेटरवर नक्की काय लिहिलंय ते बघ, सॅलरी लिहिलंय की रिटेनर किंवा प्रोफेशनल फी.

पीएचसीचं गणित कागदावर सगळ्यात छान दिसतं. २६ दिवस, ८ तास, म्हणजे २०८ तास आणि तासाला २८८ रुपये. पण ऑर्डरमध्ये एक ओळ असेल की मुख्यालयी राहणं बंधनकारक. महिन्याचे एकूण तास ७२०, त्यातले २०८ गेले की उरतात पाचशेच्या वर, आणि तिथे तू एकटीच एमबीबीएस असशील तर ते पाचशे तास झोपेतसुद्धा तुझे नसतात, क्वार्टरचं दार कधीही वाजतं. दोन एमओ असतील आणि रात्री आलटून पालटून होत असतील तर मात्र ही नोकरी तासांच्या हिशोबात खरंच सगळ्यात बरी. म्हणून तुझा पहिला प्रश्न पगाराचा नको, तिथे दुसरा एमओ प्रत्यक्ष हजर असतो का हा हवा. मंजूर पद आणि भरलेलं पद यात फरक असतो, आणि भरलेलं पद आणि तिथे राहणारा माणूस यातही फरक असतो.

आता रेसिडेन्सी. ओबीजीवायच्या जेआर-वनचा आठवडा मी शंभर तासांचा धरते, इमर्जन्सी डे आला की सलग ३६ तास होतातच. महिन्याचे ४३० तास. ९० हजाराला भाग, तासाला २०९ रुपये.

म्हणजे ज्या सीटला तू राबवून घेणारी म्हणतेस ती आणि पुण्यातली एसीतली आयसीयू, तासाच्या हिशोबात जवळपास सारख्याच आहेत, सीट उलट थोडी वरच आहे. म्हणून पैशावरून निर्णय करू नकोस. लोनचा हप्ता तिन्हीतून निघू शकतो. सीट घेणार असशील तर बँकेत जाऊन विचार, पुढचं शिक्षण चालू असताना हप्ते पुढे ढकलतात का आणि तोवर व्याज कसं लागतं, कारण व्याज थांबत नाही. ते एक काम याच आठवड्यात करून टाक.

आता मुख्य मुद्दा, शिकणं. याबद्दल मला सविस्तर सांगायचंय कारण मी पीजीच्या आधी दोन्हीकडे काम केलंय, सात महिने खासगी आयसीयूत आणि नंतर अकरा महिने पीएचसीत, आणि मग मेडिसिनची सीट घेतली. त्यामुळे तिन्हीकडे शिकणं कसं होतं हे मी एकाच डोक्याने बघितलंय.

खासगी आयसीयूत रात्री तीन वाजता पेशंटचं सॅच्युरेशन खाली आलं, मी एबीजी पाठवला, रिपोर्ट हातात घेतला, कन्सल्टंटला फोन केला, आकडे वाचून दाखवले. तिकडून झोपेतल्या आवाजात सांगितलं एफआयओटू एवढं कर, पीप एवढं कर, तासाने परत पाठव. मी केलं, लिहिलं, तासाने परत पाठवला. पेशंट सुधारला. पण मी काय शिकले? आकडे वाचून दाखवायला शिकले. निर्णय माझा नव्हता आणि त्यामागचं कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांनी तिथे एक इंटेन्सिव्हिस्ट सर आले, ते सकाळच्या राउंडला रात्रीचा प्रत्येक एबीजी माझ्यासमोर ठेवायचे आणि विचारायचे, फोन लागला नसता तर तू काय केलं असतंस? मग मी काहीतरी सांगायचे, ते चूक दाखवायचे. रोजची पंधरा मिनिटं. त्या पाच महिन्यांत मी व्हेंटिलेटर शिकले ती त्या पंधरा मिनिटांत, बाकीच्या बारा तासांत नाही.

म्हणून पुण्याच्या त्या हॉस्पिटलबद्दल हे विचार, आयसीयूत पूर्णवेळ इंटेन्सिव्हिस्ट आहे का, आणि तिथे डीएनबी किंवा फेलोशिपचे विद्यार्थी आहेत का. दुसऱ्या प्रश्नाला लोक महत्त्व देत नाहीत पण तो फार मोठा आहे. डीएनबीवाले असतील तर इंट्युबेशन, सेंट्रल लाइन, इंटरकॉस्टल ड्रेन हे सगळं त्यांच्या लॉगबुकसाठी लागतं, साहजिकच आधी त्यांना मिळणार आणि आरएमओच्या वाट्याला नोट्स, इन्शुरन्सच्या टीपीएच्या क्वेऱ्या आणि नातेवाइकांशी बोलणं येणार. डीएनबीवाले नसतील आणि इंटेन्सिव्हिस्टही फोनवरच असेल तर प्रोसिजर मिळतील पण शिकवायला कोणी नाही. मधली चांगली जागा सापडते, पण शोधावी लागते. जॉइन होण्याआधी तिथल्या आरएमओला हळूच विचार की गेल्या महिन्यात तू स्वतःच्या हाताने किती ट्यूब टाकल्या. तो आठवायला लागला आणि आकडा सांगता आला नाही की समजून जा.

पीएचसीत बरोबर उलटं. तिथे सगळं तुझ्या हातात आणि मागे कोणीच नाही. त्यातलं एक सांगते, मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

पावसाळ्यातली संध्याकाळ, भात लावणीचे दिवस. तिशीचा माणूस आणला, घोट्याजवळ चावा, साप कोणी नीट बघितला नव्हता. सूज थोडीशी, बाकी माणूस बोलत होता, पापण्या व्यवस्थित उघडत होत्या. मला पाठ होतं की रक्त न गोठणं बघायला वीस मिनिटांची टेस्ट करायची, दोन मिली रक्त ट्यूबमध्ये घ्यायचं, न हलवता वीस मिनिटं ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं. काचेची ट्यूब सापडेना म्हणून मी प्लास्टिकच्या बल्बमध्ये रक्त घेतलं. वीस मिनिटांनी तिरकं केलं तर पातळच. मी घाबरले, विषारी चावा धरला आणि अँटीस्नेक व्हेनमच्या दहा व्हायल सलाइनमधून सुरू केल्या. दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजून थरथर सुरू झाली, बीपी पडायला लागलं. नशिबाने अ‍ॅड्रिनॅलिन शेजारी भरून ठेवलं होतं, मांडीत अर्धा मिलिग्रॅम दिलं, ड्रिप थांबवली, १०८ बोलावून जिल्हा रुग्णालयात पाठवलं. माणूस वाचला, दोन दिवसांनी घरी गेला. गावाने माझं कौतुक केलं. मलाही वाटलं की मी बरोबर केलं.

दोन वर्षांनी रेसिडेन्सीत, वॉर्डात सर्पदंशाचा पेशंट होता, मी तशीच प्लास्टिकची ट्यूब उचलली तर लेक्चरर मॅडमनी हात धरला. म्हणाल्या, काच हवी, स्वच्छ आणि कोरडी काच, काचेच्या पृष्ठभागाने गोठण्याची साखळी सुरू होते, प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तसुद्धा वीस मिनिटांत गोठेलच असं नाही, आणि काच डिटर्जंटने धुतलेली असेल तरी टेस्ट फसते. त्या क्षणी मला ती पावसाळ्यातली संध्याकाळ आठवली. त्या माणसाला बहुतेक अँटीस्नेक व्हेनमची गरजच नव्हती. मी माझ्या चुकीने त्याला मरणाच्या दारात नेलं आणि परत आणलं, आणि दोन वर्षं मला ते कळलंही नाही. त्या अकरा महिन्यांत मी ती टेस्ट अशीच आणखी काही जणांवर केली होती.

हे मी पीएचसीला नावं ठेवायला सांगत नाहीये. पीएचसीत माणूस फार मोठं काम करू शकतो, आपल्याच महाराष्ट्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात महाडच्या भागात सरकारी नोकरीत असताना विंचूदंशाच्या पेशंटकडे रात्र रात्र बसून बघितलं आणि प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला, ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. पण ते स्वतःच्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवणारे होते. तू पीएचसीत गेलीस तर ती सवय तूही लावून घे, एक वही ठेव, रेफर केलेल्या प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते जिल्हा रुग्णालयात फोन करून विचार आणि लिहून ठेव. माझ्याकडून ते झालं नाही. मी त्या माणसाची चौकशी फक्त वाचला का एवढीच केली, तिथल्या डॉक्टरांनी अँटीस्नेक व्हेनम पुढे चालू ठेवलं का हे विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

तर माझ्या मते शिकणं म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात, हात तुझा आणि मागे उभा असलेला डोळा दुसऱ्याचा. खासगीत बऱ्याचदा हात तुझा नसतो. पीएचसीत डोळा नसतो. चांगल्या युनिटच्या रेसिडेन्सीत दोन्ही मिळतात आणि तेही परत परत, हे परत परत फार महत्त्वाचं.

ओबीजीवायचंच उदाहरण घे. एक्लॅम्प्सियाची बाई झटके येत असलेल्या अवस्थेत आली, मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं. पीएचसीत तू लोडिंग डोस देशील, चार ग्रॅम शिरेतून हळू आणि दोन्ही कुल्ल्यांत पाच पाच ग्रॅम, आणि गाडीत घालून पाठवशील, ते बरोबरच आहे. पण पुढची रात्र तुला दिसणार नाही. लेबर रूममधली जेआर-वन त्या बाईजवळ रात्रभर असते, दर वेळी पुढचा डोस द्यायच्या आधी हातोडीने गुडघ्याचा रिफ्लेक्स बघते, श्वास मोजते, युरोबॅगमध्ये लघवी किती उतरली ते बघते, कारण रिफ्लेक्स गेला की मॅग्नेशियम जास्त होतंय आणि त्यानंतर श्वास थांबू शकतो. रात्री दोनला रिफ्लेक्स मंद वाटतोय का नाही हे ठरवता येईना तर ती सीनियरला उठवते, सीनियर येऊन स्वतः ठोकून बघते आणि सांगते, आहे, दे. असं वीस बायकांच्या बाबतीत झालं की हात तयार होतो. हे कुठल्याही नोकरीत मिळत नाही, कितीही पगार दिला तरी.

आता ड्युटी अवर्स, कारण तुझी भीती खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाहीये. नियम काय म्हणतात ते आधी माहीत असू दे. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीमच्या आदेशात सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलंय. एनएमसीच्या २०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला २० दिवस पगारी कॅज्युअल रजा आणि वाजवी कामाचे तास असं आहे. हे वॉर्डात तसंच्या तसं दिसत नाही हे तू इंटर्नशिपला बघितलंयस. पण एकाच कॉलेजात, एकाच डिपार्टमेंटमध्ये दोन युनिटमध्ये फरक असतो, एकीकडे पोस्ट इमर्जन्सीला दुपारी दोनला सोडतात आणि दुसरीकडे रात्री आठपर्यंत. सहा तासांची झोप आहे ती, लहान गोष्ट नाही. आणि तू इंटर्न म्हणून जे हाल बघितलेस ते एका वर्षाचे आहेत, जेआर-टू झाल्यावर ट्रॉली ढकलणं, रक्ताच्या बाटल्या आणणं, रिपोर्ट गोळा करणं हे बरंचसं खाली जातं, शिवाय त्याच नियमांत तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी असते, तेव्हा जिल्हा पातळीवर काम करायला पाठवतात आणि तिथे श्वास घ्यायला जागा मिळते.

तेव्हा रिपोर्टिंगच्या आधी त्या कॉलेजात जा. नुसतं ऑफिसात नको, एखाद्या युनिटच्या इमर्जन्सीच्या रात्री लेबर रूमच्या बाहेर जाऊन बस, लातूरहून एक बस पकडायचीय फक्त. तिथल्या जेआर-वनशी बोल, मग जेआर-थ्रीशी वेगळं बोल, कारण जेआर-वन दमलेली असते आणि तिला सगळंच वाईट दिसतं, जेआर-थ्रीला उलट मागचं विसरायला झालेलं असतं. जेआर-थ्रीला विचार, आत्तापर्यंत स्वतःच्या हाताने किती सिझेरियन केलीस आणि पहिलं कधी मिळालं. जेआर-वनला विचार, रात्री फोन केला तर लेक्चरर खाली येतात का. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर ती सीट म्हणजे कमी झोपेची पीएचसी झाली, मग माझं सगळं वरचं बोलणं तिथे लागू नाही. गेल्या तीन वर्षांत कोणी सीट सोडली का तेही विचार, आणि का सोडली.

आणि रेसिडेंटची ड्युटी रूम स्वतः उघडून बघ. आतून कडी लागते का, वॉर्डापासून किती लांब आहे, रात्री कॉरिडॉरमध्ये लाइट असतो का, सिक्युरिटीवाला बसतो का. ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. करमध्ये ड्युटीवरच्या आपल्या एका सहकारी मुलीचं जे झालं त्यानंतर हे बघायला कोणी संकोच करू नये. हॉस्टेलची खोली जॉइन झाल्या दिवशी मिळते का तेही विचार, कारण ३६ तासांनंतर रिक्षा शोधत भाड्याच्या खोलीवर जाणं हे वेगळंच दमवतं.

आता मेडिसिन. मी स्वतः मेडिसिनची आहे म्हणून तुला वाटेल की मी म्हणेन थांब आणि परत परीक्षा दे. नाही म्हणणार. तू लिहिलंस की लेबर रूम आवडली होती. हे वाक्य मी तुझ्या पत्रात दोनदा वाचलं. ज्यांना ती आवडत नाही त्यांना पहिल्याच आठवड्यात तो वास, तो आवाज नकोसा होतो, आणि अशा मुलींना मी कधीच सीट घे म्हणत नाही, शंभर तास न आवडणाऱ्या कामाचे कोणी काढू नयेत. तुझं तसं नाही. तुला काम आवडलंय, तासांची भीती आहे. आणि ज्या मेडिसिनसाठी तू वर्ष घालवायचं म्हणतेस तिथला जेआर-वन काही आठ तासांत घरी जात नाही, डेंग्यूच्या सीझनला आमच्या वॉर्डात एका कॉटवर दोन दोन पेशंट आणि जमिनीवर गाद्या असायच्या, इमर्जन्सीला आमचेही ३६ तास व्हायचे. तास टाळायला म्हणून शाखा बदलणार असशील तर मेडिसिन हे उत्तर नाही.

परत परीक्षेचं पण खरं गणित कर. आयसीयूच्या शिफ्टमध्ये, त्यात निम्म्या नाइट, रोज चार तास अभ्यास होत नाही, महिनाभर होतो मग बंद पडतो. गेल्या वेळचे मार्क घे आणि स्वतःला विचार की कशामुळे वाढतील. मागच्या वेळी इंटर्नशिपच्या ड्युट्यांमुळे रिव्हिजनच झाली नव्हती असं असेल तर वाढायला जागा आहे. दोन रिव्हिजन करून, टेस्ट सिरीज देऊन हा रँक आला असेल तर नोकरी करता करता तो फार वर जाईल असं मला वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला, वर सांगितलेली चौकशी केल्यावर उत्तरं बरी आली, विशेषतः रात्री लेक्चरर येतात हे पक्कं झालं, तर सीट घे. एक मात्र जॉइन होण्याआधी वाच. कुठल्या राउंडनंतर सीट सोडली तर दंड लागतो आणि पुढच्या काउन्सेलिंगला बंदी येते, हे सीईटी सेलच्या किंवा एमसीसीच्या त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये असतं, तुझी सीट ज्या कोट्यातली त्याचं ब्रोशर वाच, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज नको. आणि तुला आत्ता बाँड नसला तरी सरकारी कॉलेजची पीजी केली की महाराष्ट्रात एक वर्षाचा बाँड येतो आणि तो न केल्यास ५० लाखांचा दंड आहे, म्हणजे तुझा हिशोब तीन वर्षांचा नाही, चारचा धर. त्या चौथ्या वर्षी पगार मिळतो, फक्त जागा तुझ्या मनासारखी असेलच असं नाही.

चौकशीत उत्तरं वाईट आली, किंवा त्या रात्री लेबर रूमबाहेर बसल्यावर आतून नको वाटलं, तर सोड, आणि मग नोकरी घेताना अभ्यासाचे तास आधी बघ. त्यासाठी तुझ्या हातातल्या दोन्हीपेक्षा शहरी आरोग्य केंद्र किंवा आपला दवाखाना यातलं कंत्राट बरं, कारण तिथे ओपीडीची वेळ ठरलेली असते, ॲडमिशन नाही, रात्रीचं दार वाजत नाही. शिकायला कमी मिळेल पण ते वर्ष शिकण्याचं नसून परीक्षेचं असेल. जिल्हा परिषद आणि महापालिकांच्या एनएचएमच्या जाहिराती निघत असतात, थेट मुलाखती असतात, अर्ज टाकून ठेव. कंत्राटी वर्ष केलं की इन-सर्व्हिस कोट्यातून पीजी मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवून बसू नकोस, तो कोटा नियमित सेवेतल्यांचा आहे, पात्रता ब्रोशरमधून पडताळ.

आणि ग्रामीण पीएचसीच घ्यायची ठरलीच तर ऑर्डर ११ महिने २९ दिवसांची असेल, पुढे एक दिवसाचा खंड देऊन नवी मिळते, मिळते म्हणजे हक्क नाही. वरून अनुदान आलं नाही की मानधन दोन तीन महिने अडकतं, तेवढे पैसे हाताशी ठेवून जा. पहिल्याच दिवशी कोणी चार्ज घे म्हणालं, रुग्ण कल्याण समितीच्या चेकवर सही कर म्हणालं, तर स्टॉक आणि पासबुक स्वतः मोजून, लिहून मग घे, नाहीतर सोडताना ना-देय प्रमाणपत्रासाठी महिना दोन महिने हेलपाटे होतात. पोस्टमॉर्टेम आणि एमएलसी करशील त्याची प्रत स्वतःकडे नीट नोंदवून ठेव, कोर्टाचं समन्स पाच वर्षांनीसुद्धा येतं आणि तेव्हा तू कुठे असशील ते सांगता येत नाही.

खासगीत जाणार असशील तर ओरिजिनल सर्टिफिकेटं देऊ नकोस. मी दिली होती, डिग्री आणि रजिस्ट्रेशन दोन्ही, आणि पीएचसीत जॉइन व्हायच्या आठवड्यात ते हॉस्पिटल म्हणालं दोन महिन्यांचा नोटीस पिरियड पूर्ण कर मग देतो. वडील तीन दिवस तिथल्या एचआरच्या केबिनबाहेर बसले तेव्हा मिळाली. झेरॉक्स दे, ओरिजिनल दाखव आणि घेऊन निघ, आणि नोटीस पिरियड एक महिन्यापेक्षा जास्त असेल तर सही करायच्या आधीच बोल. फोनवरच्या प्रत्येक ऑर्डरपुढे वेळ आणि कन्सल्टंटचं नाव लिही, पहिल्या दिवसापासून, आणि स्वतःचा इन्डेम्निटी इन्शुरन्स काढ, हॉस्पिटलच्या पॉलिसीत आरएमओचं नाव आहेच असं समजू नकोस.

रिपोर्टिंगला किती दिवस उरलेत ते तू लिहिलं नाहीस. चार दिवस असतील तरी पुरे आहेत, एक बँकेला, एक प्रवासाला, आणि एक रात्र त्या लेबर रूमच्या बाहेर. जेआर-थ्रीने सिझेरियनचा आकडा काय सांगितला ते मला कळव.